प्रोस्टेटच्या कॅप्सूलनंतर वीर्य येत नाही, इच्छाही कमी झाली: गोळी बंद करावी का?

प्रश्न: वय 58. सोनोग्राफीत प्रोस्टेट 28 ग्रॅम, लघवी झाल्यावर आत शिल्लक 35 मिली, प्रोस्टेटची रक्ततपासणी पीएसए 0.9. पाच महिन्यांपासून रोज रात्री टॅम्सुलोसिन 0.4 आणि ड्युटास्टेराइड 0.5 एकत्र असलेली कॅप्सूल घेतो. लघवीचा त्रास बराच कमी आहे. पण चौथ्या-पाचव्या दिवसापासूनच संबंधाच्या वेळी वीर्य येईनासं झालं. गेले दोन महिने इच्छाही कमी झाली आहे आणि लिंग नीट ताठ राहत नाही. डायबेटिस नऊ वर्षांपासून, शेवटचा एचबीएवनसी 8.1, बीपीसाठी टेल्मिसार्टन. बायकोला वाटतं माझं मन उडालं. गोळी बंद करू का? हे कायमचं तर नाही ना?

उत्तर:

आज रात्रीपासून मनानं गोळी बंद करू नका. पण हीच कॅप्सूल पुढे चालू ठेवायचं कारणही तुमच्या रिपोर्टमध्ये मला दिसत नाही. तिच्यात दोन अगदी वेगळ्या जातीची औषधं आहेत आणि तुमच्या तीन तक्रारींची कारणंही वेगवेगळी असावीत. कुठली तक्रार कधी सुरू झाली हे तुम्ही नीट लिहिलंत, त्यामुळे उलगडा करणं सोपं झालं. या औषधांच्या बाबतीत तक्रार सुरू होण्याची वेळ बरंच काही सांगून जाते.

आधी वीर्याचं बघू. चौथ्या-पाचव्या दिवशी वीर्य थांबलं ते टॅम्सुलोसिनमुळे. ड्युटास्टेराइडचा परिणाम इतक्या लवकर दिसतच नाही. टॅम्सुलोसिन हे अल्फा ब्लॉकर गटातलं औषध आहे. प्रोस्टेटमधले आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू ते सैल करतं, म्हणून लघवी मोकळी होते. पण ज्या स्नायूंवर ते काम करतं तसेच स्नायू वीर्यवाहिनीत आणि वीर्यकोशातही असतात. बाहेर येणाऱ्या वीर्यातला सर्वांत मोठा वाटा वीर्यकोशांचा असतो. वीर्यपतनाच्या क्षणी त्यांनी आकुंचन पावून ते पुढे ढकलायचं असतं. औषधानं ते आकुंचनच ढिलं पडलं की बाहेर थोडंसं येतं किंवा काहीच येत नाही.

पुष्कळ ठिकाणी रुग्णाला सांगितलं जातं की वीर्य उलटं मूत्राशयात जातं. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर तसंच होतं. पण टॅम्सुलोसिनच्या बाबतीत निरोगी पुरुषांवर केलेल्या एका अभ्यासात वीर्यपतनानंतरची लघवी तपासली, तर तिच्यात शुक्राणू वाढलेले सापडले नाहीत. म्हणजे वीर्य मुख्यतः पुढे ढकललंच जात नाही. त्या अभ्यासात टॅम्सुलोसिनचा डोस नेहमीच्या दुप्पट, 0.8 मिलिग्रॅम होता. दहापैकी नऊ जणांचं वीर्य कमी झालं आणि साधारण एक तृतीयांश जणांना ते अजिबात आलं नाही. अल्फुझोसिन 10 मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी मात्र कोणाचंच वीर्य पूर्ण थांबलं नाही. दोन्ही औषधं एकाच गटातली असूनही हा फरक पडतो, आणि तुमच्यासाठी तो कामाचा आहे.

याच गटातलं सिलोडोसिन त्या स्नायूंवर आणखी नेमकं काम करतं, त्यामुळे ही तक्रार त्यात सर्वांत जास्त. अमेरिकेतल्या मुख्य चाचण्यांमध्ये 100 पैकी सुमारे 28 जणांना ती आली, पण त्यासाठी औषध सोडणारे 100 मागे तीनही नव्हते. आधी कल्पना दिलेली असली की बहुतेकांना याचं फारसं काही वाटत नाही. कल्पना दिलेली नसली की माणूस हादरतो. आपल्याकडे वीर्याचा संबंध थेट ताकदीशी जोडलेला असल्यामुळे घाबरगुंडी आणखी उडते. 'आतली शक्ती संपली', 'आत साठून राहिलं तर काही होईल' अशा शंका रुग्ण दबक्या आवाजात रोज विचारतात. आत काही साठून बिघडत नाही, शरीर ते शोषून घेतं. अशक्तपणा येत नाही. तृप्तीचा क्षण येतोच, फक्त काहींना त्याचा जोर थोडा कमी वाटतो. आणि औषध थांबवलं किंवा बदललं की बहुतेकांचं वीर्य काही दिवसांत पूर्ववत होतं. तेव्हा तुमच्या 'कायमचं तर नाही ना' या प्रश्नाचं, निदान वीर्यापुरतं, उत्तर 'नाही' असं आहे. मूल हवं असणाऱ्या पुरुषाला मात्र ही गोष्ट गंभीर ठरते, आणि त्यानं ती पहिल्याच भेटीत सांगायला हवी.

काही जण यावर स्वतःच तोडगा काढतात: संबंध ठेवायचा त्या दिवशी गोळी चुकवायची. हे करू नका. एक दिवस चुकवून वीर्य परत येईलच असं नाही. आणि चार-सहा दिवस खंड पाडून पुन्हा सुरू केलं की पहिल्या गोळीनंतर पहाटे लघवीला उठताना बीपी उतरून चक्कर येऊ शकते. बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलेले लोक मी पाहिले आहेत.

आता इच्छेचं. दोन-तीन महिन्यांनी हळूहळू कमी झालेली इच्छा ड्युटास्टेराइडच्या चालीशी जुळते. हे औषध, आणि त्याच जातीचं फिनास्टेराइड, टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी या जास्त प्रभावी हार्मोनमध्ये होणारं रूपांतर रोखतं. प्रोस्टेट वाढते ती डीएचटीच्या जोरावर. ते कमी झालं की सहा महिने ते वर्षभरात ती साधारण पाव भागानं आक्रसते. फिनास्टेराइड रक्तातलं डीएचटी सुमारे 70 टक्के कमी करतं, ड्युटास्टेराइड 90 टक्क्यांहून जास्त. टेस्टोस्टेरॉन यात कमी होत नाही, उलट थोडं वाढतं. म्हणून इच्छा कमी झाली की टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन टोचून घेणं हा यावरचा इलाज नव्हे.

या गटाच्या लैंगिक परिणामांबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. कोणी म्हणतं काहीच होत नाही, कोणी म्हणतं पुरुषत्वच जातं. फिनास्टेराइडवर सुमारे 3,000 पुरुषांचा चार वर्षं चाललेला मोठा अभ्यास आहे. पहिल्या वर्षात लैंगिक तक्रारी औषधवाल्यांपैकी 15 टक्क्यांना आल्या आणि बिनऔषधाची, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांपैकी 7 टक्क्यांना. दुसऱ्या वर्षापासून नव्यानं तक्रार येण्याचं प्रमाण दोन्हींकडे सारखंच राहिलं. म्हणजे औषधाचा परिणाम खरा आहे, बहुतेक करून पहिल्या वर्षातच दिसतो, आणि बहुसंख्य लोकांना होत नाही. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मी रुग्णांना आवर्जून सांगतो. अभ्यास सुरू होण्यापूर्वीच जवळजवळ निम्म्या पुरुषांनी काही ना काही लैंगिक अडचण झाल्याचं सांगितलं होतं. प्रोस्टेटचं वय आणि या अडचणींचं वय एकच असतं.

मनाचा वाटाही असतो. इटलीत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सर्वांना फिनास्टेराइडच दिलं, पण निम्म्यांनाच लैंगिक परिणामांची कल्पना दिली. कल्पना दिलेल्यांपैकी सुमारे 44 टक्क्यांनी तक्रार केली, न दिलेल्यांपैकी 15 टक्क्यांनी. म्हणून रुग्णाला काही सांगायचंच नाही, असं माझं मत अजिबात नाही. माहितीच नसेल तर तो तुमच्यासारखा पाच महिने एकटाच झुरत बसतो. सांगावं, पण 100 मध्ये किती जणांना होतं तेही सांगावं.

औषध सोडल्यावर इच्छा परत येते का? बहुतेकांची येते, पण ड्युटास्टेराइडच्या बाबतीत धीर धरावा लागतो. दीर्घकाळ घेतल्यावर त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच जवळजवळ पाच आठवडे लागतात. पूर्ण निघून जायला चार ते सहा महिने. म्हणूनच हे औषध सोडल्यावर सहा महिने रक्तदान करायचं नसतं. गोळी सोडून महिना झाला तरी फरक नाही, याचा अर्थ बिघाड कायमचा झाला असा होत नाही. औषध अजून अंगात आहे इतकाच होतो. फिनास्टेराइड मात्र काही दिवसांतच शरीरातून जातं. थोड्या पुरुषांनी औषध सोडल्यावरही तक्रारी राहिल्याचं सांगितलं आहे. अमेरिकेत 2012 मध्ये फिनास्टेराइडच्या माहितीपत्रकात तशी नोंद घालण्यात आली. त्यांतल्या किती तक्रारी औषधाच्या आणि किती वयाच्या किंवा इतर आजारांच्या, हे वेगळं काढता आलेलं नाही. मन सतत उदास राहायला लागलं, जीव नकोसा वाटायला लागला, तर मात्र पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही, लगेच डॉक्टरांना गाठायचं.

तिसरी तक्रार ताठरतेची. इथे ड्युटास्टेराइडचा हात असू शकतो, पण माझा पहिला संशय तुमच्या साखरेवर आहे. नऊ वर्षांचा डायबेटिस आणि 8.1 हा आकडा लिंगाच्या रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही बिघडवायला पुरेसा आहे. टेल्मिसार्टन यात सहसा दोषी नसतं. टॅम्सुलोसिनही नाही. दोन गोष्टी स्वतःच आठवून पाहा. पहाटे जाग येते तेव्हा लिंग पूर्वीसारखं ताठ असतं का? आणि हा बदल कॅप्सूलच्या आधीच हळूहळू सुरू झाला होता का? पहाटेची ताठरता चांगली असेल तर रक्तवाहिन्या शाबूत आहेत, आणि वीर्य न आल्याच्या धक्क्यानं 'आज तरी जमेल ना' ही धास्ती बसली असण्याची शक्यता जास्त. पहाटेचीही गेली असेल आणि आठवून पाहता वर्षभरापासून कमी होत आली असेल, तर साखर, कोलेस्टेरॉल आणि हृदय यांची तपासणी हवी. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असल्यामुळे तिथला अडथळा आधी कळतो. दोन जिने चढून छातीवर दडपण येत असेल तर ताठरतेच्या गोळीआधी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवायचं.

आता या कॅप्सूलचं काय करायचं. ड्युटास्टेराइडचं खरं काम मोठ्या प्रोस्टेटमध्ये आहे. युरोपातल्या तज्ज्ञांच्या शिफारशीत ती साधारण 40 मिलीपेक्षा मोठी असावी लागते, अमेरिकेतल्या शिफारशीत 30 पेक्षा, किंवा मग पीएसए 1.5 पेक्षा जास्त असावा लागतो. तुमची 28 ग्रॅम, पीएसए 0.9, हे आकडे कॅप्सूल सुरू होण्याआधीचे आहेत असं धरून मी बोलतोय. आक्रसायला तिथे मुळात फार काही नाही. तुम्हाला जो आराम पडला तो जवळपास सगळा टॅम्सुलोसिनचा आहे. तो पहिल्या एक-दोन आठवड्यांतच जाणवला असेल, आठवून पाहा. एवढी लहान प्रोस्टेट असताना एकत्र कॅप्सूल दिलेली मला बरेचदा दिसते आणि ते मला पटत नाही.

तुम्ही माझ्यासमोर बसला असता तर मी असं केलं असतं. एकत्र कॅप्सूल थांबवून दुसऱ्याच दिवसापासून अल्फुझोसिन 10 मिलिग्रॅम, रोज रात्री जेवणानंतर, गोळी न चावता, न तोडता. लघवीसाठी ते टॅम्सुलोसिनच्या तोडीचं आहे. तुम्ही बीपीची गोळी घेता, म्हणून पहिला आठवडाभर झोपेतून उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, आणि उभं राहून बीपी एकदा मोजून घ्यायचं. यकृताचा मध्यम वा गंभीर आजार किंवा हृदयाच्या ठोक्यांचे काही विशिष्ट दोष असतील तर हे औषध चालत नाही, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी ते आधी पाहायला हवं. ते चालण्यासारखं नसेल तर नुसतं टॅम्सुलोसिन ठेवून ड्युटास्टेराइड काढणं हाही मार्ग आहे. मग वीर्य कमीच राहील, पण तो कशाचा परिणाम आहे ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

दोन्ही औषधं एकदम बदलली तरी कशानं काय झालं ते कळतं, कारण त्यांची घड्याळं वेगळी आहेत. वीर्य आठवडा-दोन आठवड्यांत परतलं तर ते टॅम्सुलोसिनचं काम होतं. इच्छा तीन ते सहा महिन्यांत उजळली तर ती ड्युटास्टेराइडनं दाबली होती. ताठरता या दोन्हींनंतरही तशीच राहिली तर ती साखरेची किंवा रक्तवाहिन्यांची गोष्ट, आणि तिचा उपाय वेगळा. महिन्याभरानं लघवीची धार आणि शिल्लक लघवी पुन्हा मोजायची. ड्युटास्टेराइड घेत असताना पीएसए निम्म्यावर येतो, म्हणून सहा महिने औषध झालेल्या माणसाचा आकडा दुपटीनं धरतात. औषध सोडल्यावर तो पुन्हा वर येतो. पुढचा रिपोर्ट पाहून घाबरू नका, आणि हे औषध चालू होतं ही नोंद पीएसए वाचणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांना दाखवा.

ताठरतेसाठी तुमच्यासारख्याला टाडालाफिल 5 मिलिग्रॅम रोज हा चांगला पर्याय आहे. 2011 पासून अमेरिकेत ते प्रोस्टेटच्या लघवीच्या त्रासासाठीही मंजूर आहे. लघवीची घाई आणि वारंवारता त्यानं कमी होते, पण प्रोस्टेट आक्रसत नाही आणि इच्छाही वाढत नाही. अल्फा ब्लॉकर अंगवळणी पडल्यावरच ते कमी डोसनं सुरू करावं, कारण दोन्ही बीपी उतरवतात. पाठ आणि मांड्या दुखणं, डोकं दुखणं, जळजळ हे त्याचे नेहमीचे त्रास. आणि एक सक्त मनाई: छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेटची कुठलीही गोळी, फवारा वा पट्टी वापरत असाल तर टाडालाफिल अजिबात घ्यायचं नाही. दोन्ही एकत्र झाली तर बीपी जिवावर बेतेल इतका कोसळतो. टाडालाफिल घेतलेल्या माणसाला छातीत दुखलं तर घरच्यांनी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवू नये, दवाखान्यात आधी ही गोळी सांगावी. म्हणून ही गोळी बायकोपासून लपवून घेऊ नका. 'जडीबुटीची' म्हणून विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या कॅप्सूलमध्येही अशीच औषधं न सांगता मिसळलेली सापडली आहेत, म्हणून त्यांच्या वाटेला जाऊ नका.

हे सगळं तुमच्या 28 ग्रॅमसाठी. माझ्याकडे सत्तरीतले एक गृहस्थ येतात. प्रोस्टेट 85 ग्रॅम, एकदा लघवी पूर्ण अडकून मध्यरात्री कॅथेटर घालावा लागलेला. त्यांचीही तक्रार तुमच्यासारखीच होती, पण त्यांचं ड्युटास्टेराइड मी काढलं नाही. फिनास्टेराइडच्या त्याच चार वर्षांच्या अभ्यासात लघवी अडकण्याचं प्रमाण 7 टक्क्यांवरून 3 वर आलं आणि ऑपरेशनचं 10 वरून 5 वर. त्यांच्यासारख्या माणसासाठी हा फायदा मोठा आहे, आणि ऑपरेशन केलं असतं तर वीर्य बाहेर येणं बहुधा कायमचंच थांबलं असतं, कारण दुर्बिणीच्या नेहमीच्या ऑपरेशननंतर बहुतेकांचं तसं होतं. त्यांना आणि त्यांच्या पत्नीला समोर बसवून हे मांडलं. औषध ठेवायचं, ताठरतेसाठी वेगळी गोळी घ्यायची असं दोघांनी मिळून ठरवलं. तुम्हाला दिलेलं हे उत्तर वाचून मोठी प्रोस्टेट असलेल्या कोणी आपली गोळी बंद केली तर मला ते नको आहे.

तुमच्या पत्नीला मन उडाल्यासारखं वाटतं, त्यावर एवढंच सुचवतो की पुढच्या भेटीला त्यांना सोबत न्या. वीर्य न येणं हा गोळीचा परिणाम आहे हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर गैरसमज निवळलेले मी अनेकदा पाहिले आहेत. बोलताना संकोच वाटत असेल तर एका कागदावर लिहून न्या: कॅप्सूल कधी सुरू केली, वीर्य कधी थांबलं, इच्छा कधी कमी झाली, पहाटेची ताठरता आहे की नाही, आणि सध्या घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं. त्याखाली एकच प्रश्न लिहा: माझी प्रोस्टेट 28 ग्रॅम असताना मला ड्युटास्टेराइडची गरज आहे का? बदल केल्यावर लघवी थेंब थेंब होऊ लागली, ओटीपोट फुगून दुखू लागलं किंवा सहा-आठ तास लघवीच झाली नाही, तर वाट न पाहता जवळच्या दवाखान्यात जा.